बेचाळीसचा स्पीड आणि एकतीस चुका

ताई, मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी झालंय, टायपिंगच्या इंग्रजी ३० आणि ४० च्या परीक्षा पास आहे. मागच्या महिन्यात संभाजीनगरला एका बॅक ऑफिसच्या इंटरव्ह्यूला गेले होते. पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये माझा स्पीड ४२ आला, शेजारच्या मुलीचा ३६. तिला घेतलं आणि मला 'कळवतो' म्हणाले. निकालाच्या कागदाचा फोटो सोबत पाठवतेय. नंतर एक्सेलमध्ये पंधरा ओळी भरायला दिल्या होत्या, त्याही मी सगळ्यांच्या आधी संपवल्या. खाते नंबरच्या रकान्यात 1.23E असं काहीतरी दिसत होतं, पण वेळ जाईल म्हणून तसंच सोडलं. तिथं ओळख लागते का? बारा दिवसांनी दुसऱ्या कंपनीत टेस्ट आहे. तोवर स्पीड ५० पर्यंत नेऊ का?
— आर., सेलू

ओळखीचं डोक्यातून काढून टाक. तुला का घेतलं नाही ते तू पाठवलेल्या कागदावरच छापलेलं आहे. तू वरचा मोठा आकडा वाचलास आणि खालचे बारीक आकडे सोडून दिलेस. अशा टेस्ट घेणाऱ्या खुर्चीत मी अकरा वर्षं बसले आहे. तो वरचा आकडा आम्ही सगळ्यात शेवटी बघायचो.

कागदावर एकूण की-स्ट्रोक १०५०, चुका ३१ आणि अचूकता ९७.०५ टक्के असं आहे. आधी हा ४२ कुठून आला ते बघ. टायपिंगच्या हिशेबातला शब्द म्हणजे खराखुरा शब्द नव्हे. पाच वेळा बटण दाबलं की एक शब्द धरतात, मधली स्पेससुद्धा त्यात मोजतात. १०५० ला पाचानं भागलं की २१० शब्द, आणि ते पाच मिनिटांत झाले म्हणून मिनिटाला ४२. याला ग्रॉस स्पीड म्हणतात. तू बरोबर लिहिलंस की चूक, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डोळे मिटून बटणं बडवली तरी ग्रॉस चांगलाच येतो. नेट स्पीड काढताना दुरुस्त न केलेल्या चुकांना मिनिटांनी भागतात आणि तेवढे शब्द वजा करतात. तुझ्या ३१ चुकांना पाचानं भागलं की ६.२. बेचाळीसातून ते गेले की उरले ३५.८.

आता शेजारच्या मुलीचं बघू. तिचा कागद मी पाहिलेला नाही, पण तिचा ग्रॉस ३६ होता म्हणजे तिनं साधारण ९०० वेळा बटण दाबलं असणार. समजा तिच्या नऊ चुका झाल्या. नऊ भागिले पाच म्हणजे १.८, म्हणजे नेट झाला ३४.२ आणि अचूकता ९९ टक्के. तू तिच्यापेक्षा मिनिटाला सहा शब्द जास्त मारलेस, आणि चुका वजा झाल्यावर तुम्हा दोघींत दीड शब्दाचाच फरक राहिला. अचूकतेत मात्र ती दोन टक्क्यांनी पुढे. बहुतेक ठिकाणी अचूकतेची एक रेघ ठरलेली असते, ९८ म्हण, ९९ म्हण. त्या रेघेच्या खाली असलेल्याचा स्पीड कुणी बघतही नाही.

सगळीकडे हाच हिशेब असतो असं नाही. काही ठिकाणी एका अक्षराच्या चुकीसाठी अख्खा शब्द कापतात. सरकारी जाहिरातीत मिनिटाऐवजी तासाचा आकडा देतात. एसएससीच्या डाटा एन्ट्रीच्या बहुतेक पदांना तासाला ८००० की डिप्रेशन, म्हणजे बटणाचे दाब, मागतात, आणि तो आकडा वाचूनच पोरं घाबरतात. भागून बघ की. ८००० भागिले ६०, भागिले ५. मिनिटाला २७ शब्दसुद्धा होत नाहीत. तू आत्ताच त्याच्या बरीच पुढे आहेस. म्हणून ५० चं खूळ या बारा दिवसांपुरतं तरी बाजूला ठेव.

९७ टक्के काय वाईट आहेत, असं तुला वाटणार. शाळेत ९७ पडले की पेढे वाटतात. पण बॅक ऑफिसमध्ये निबंध टाइप करायचे नसतात, फॉर्म भरायचे असतात. एका फॉर्मवर नाव, जन्मतारीख, मोबाइल, खाते नंबर, पिन कोड असं सगळं मिळून शंभरेक अक्षरं धर. ९७ टक्के म्हणजे शंभर अक्षरांत तीन चुका, म्हणजे सरासरी प्रत्येक फॉर्मवर तीन. ९९ टक्के असले तरी फॉर्मामागे एक चूक येतेच. दहा फॉर्मांत एखादीच चूक हवी असेल तर ९९.९ लागतात. आणि ती चूक नेमकी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तपासणाऱ्याला दहाही फॉर्म पहिल्यापासून वाचावे लागतात. ज्या कामात पैसा गुंतलेला असतो तिथं कंपन्या एकच फॉर्म दोन वेगळ्या ऑपरेटरकडून भरून घेतात आणि जिथं दोघांचं जुळत नाही तेवढंच तिसऱ्याला दाखवतात. त्याला डबल एन्ट्री म्हणतात. एकाच फॉर्मला दोन पगार मोजायची त्यांची तयारी असते, एवढी त्यांना चुकीची धास्ती. 

तुझ्या चुका कशा झाल्या ते फोटोत थोडंफार दिसतंय. उतारा वाचायच्या ठिकाणी तू हुशार आहेस. 'the' आणि 'and' कुठेच चुकलेले नाहीत, कारण क्लासमध्ये ते हजार वेळा बडवून झालेले आहेत. लाल खुणा आकडे आले की वाढतात. एका ठिकाणी 4385 चं 3485 केलंयस, दुसऱ्या ठिकाणी 1961 चं 1691. ही चूक आपल्या मराठी पोरापोरींची फार जुनी आहे, आणि ती बोटांत नाही, जिभेत आहे असं माझं मत आहे. आपण ४३ ला 'त्रेचाळीस' म्हणतो. आधी तीन बोलतो, मग चाळीस. मनात 'त्रेचाळीस पंच्याऐंशी' असं वाचलं की बोट आधी तीनावर जातं. इंग्रजी माध्यमाच्या पोरांकडूनही आकडे उलटतात, पण माझ्या टेबलावर आलेल्या कागदांत मराठीत आकडा वाचणाऱ्यांचे जास्त उलटायचे.

उपाय साधा आहे. आकडा संख्या म्हणून वाचायचाच नाही. 'चार, तीन, आठ, पाच' असे सुटे अंक वाचायचे आणि त्यांचे छोटे घोळके करायचे. मोबाइल पाच-पाच अंकांचा, आधार चार-चार-चार, पिन कोड तीन-तीन. एक घोळका डोळ्यांनी उचलायचा, बोटांनी टाकायचा, मग पुढचा. सुरुवातीला फार हळू वाटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वेग आपोआप परत येतो.

आणि हे एक लक्षात असू दे, इंटरव्ह्यूत कुणी विचारलंच तर उपयोगी पडेल. शेजारचे दोन अंक उलटले की खऱ्या आणि खोट्या आकड्यातल्या फरकाला नेहमी नवानं भाग जातो. 4385 वजा 3485 म्हणजे ९००. तुझं 1961 आणि 1691, फरक २७०. रकान्याची बेरीज कागदावरच्या बेरजेशी जुळत नसेल आणि फरकाला नवानं भाग जात असेल, तर आधी उलटलेले अंक शोधायचे. आमचे जुने मुनीम हे तोंडी करायचे. फरक नवाच्या पटीत आला म्हणून अंक उलटलेच असतील असं नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं.

अंकांसाठी कीबोर्डच्या वरच्या ओळीवर हात फिरवत बसू नकोस. उजवीकडच्या नमपॅडवर 5 च्या बटणावर बारीक उंचवटा असतो, F आणि J वर असतो तसाच. मधलं बोट त्यावर, तर्जनी 4 वर, अनामिका 6 वर, अंगठा 0 वर आणि करंगळी Enter कडे. घरी लॅपटॉप असेल आणि त्याला नमपॅड नसेल तर यूएसबीचा सुटा नमपॅड काही शे रुपयांत मिळतो. तालुक्याच्या क्लासमधल्या उताऱ्यांवर नमपॅडचा हात बसत नाही, हे मी क्लासवाल्यांना बोल लावण्यासाठी म्हणत नाही. ती परीक्षाच वेगळ्या कामाची आहे.

बॅकस्पेसबद्दल थोडं. चूक झाल्या झाल्या लक्षात आली तर दुरुस्तीला दोनच दाब जास्त लागतात, एक खोडायचा आणि एक बरोबर अक्षराचा. तीच चूक पाच शब्द पुढे गेल्यावर दिसली आणि तू तिथपर्यंत खोडत आलीस, तर पंचवीस-तीस वेळा खोडायचं आणि तेवढंच पुन्हा लिहायचं. म्हणून माझा नियम असा की चालू शब्दातली चूक सुधारायची आणि मागे राहिलेली, वेळेच्या टेस्टमध्ये, सोडून द्यायची. फॉर्मच्या टेस्टमध्ये मात्र काहीच सोडायचं नाही, तिथं मागे जाऊन दुरुस्त करायचं. काही सॉफ्टवेअरमध्ये बॅकस्पेस बंदच असतो. बसल्या बसल्या विचार, 'सर, बॅकस्पेस चालतो का?' असं विचारणारा उमेदवार मला कधीच अडाणी वाटला नाही, उलटच वाटलं.

आता एक्सेल. मला विचारशील तर तुझी नोकरी टायपिंगपेक्षा तिथंच गेली. ते 1.23E म्हणजे काय होतं ते आधी समजून घे.

एक्सेलला तू सांगितलं नाहीस तर कुठलाही आकडा तो हिशेबाचा आकडा समजतो. लांब आकडा आला की तो आखडून दाखवतो. बारा अंकी आधार टाकला की 1.23457E+11 असं दिसतं. बारा अंक असतील तर नुसतं दिसण्याचंच बिघडलेलं असतं, आतला आकडा शाबूत असतो. पण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक सांभाळतो. सोळा अंकी खाते नंबर 1234567890123456 असा टाकून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघ, तिथं 1234567890123450 दिसेल. शेवटचा सहा गेला आणि त्याच्या जागी शून्य आलं. आता तू रकाना रुंद कर नाहीतर फॉरमॅट बदल, तो सहा परत येत नाही. तो कुठे साठवलेलाच नसतो. शून्यानं सुरू होणाऱ्या नंबरचं उलटं होतं. 00123456789 टाकला की उरतो 123456789, पुढची दोन शून्यं गायब. पगार किंवा अनुदान जमा करायच्या यादीत असं झालं तर पैसे परत येतात, नाहीतर भलत्याच्या खात्यात जातात. तू 'वेळ जाईल' म्हणून सोडलंस, आणि समोरच्यानं तिथंच खूण केली असणार.

भरायला सुरुवात करण्याआधी खाते, आधार, मोबाइल हे रकाने निवडायचे, Ctrl+1 दाबायचं, Number च्या टॅबमध्ये Text निवडून OK करायचं. याला दहा सेकंदही लागत नाहीत. एकट्या सेलसाठी आकड्याआधी ' ही खूण टाकली तरी चालतं, ती सेलमध्ये दिसत नाही. Text झालेला आकडा डावीकडे चिकटतो आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. त्याला घाबरून Convert to Number वर क्लिक करू नकोस, केलंस की पुन्हा तेच रामायण. भरून झालं की बाजूच्या रिकाम्या रकान्यात लांबी मोजायची:

```
=LEN(E2)
```

हे खाली ओढलं की आधारच्या सगळ्या ओळींसमोर १२ यायला हवं आणि पिन कोडसमोर ६. एखाद्या ओळीत ११ दिसलं की अंक सुटलाय, १३ दिसलं की एक जास्त पडलाय किंवा शेवटी स्पेस राहिलीय. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पाचवं नेहमी शून्य. तिथं O अक्षर टाकणारे उमेदवार मी मोजायचं सोडून दिलं होतं. पॅन दहा अक्षरांचा, पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर, आणि माणसाचा असेल तर चौथं अक्षर P. एवढं डोक्यात असलं की फॉर्मवरचं हस्ताक्षर खराब असलं तरी 5 आहे की S हे जागेवरून ओळखता येतं.

तारखांचं प्रकरण माझ्या स्वतःच्या अंगावर शेकलेलं आहे. सुरुवातीच्या काळात मी एका कंपनीत होते, नाव सोडून देऊ. जालन्याकडून विम्याचे फॉर्म आले होते, सहाशेच्या आसपास. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोजची सेटिंग अमेरिकेची होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आम्ही आपल्या पद्धतीनं आधी दिवस टाकत होतो. 25/06/1998 टाकलं की एक्सेलला पंचविसावा महिना सापडत नव्हता, म्हणून तो त्याला नुसता मजकूर समजून डावीकडे ठेवायचा. पण 05/06/1998, म्हणजे पाच जून, टाकलं की तो मुकाट्यानं सहा मे समजायचा आणि उजवीकडे ठेवायचा. क्लायंटच्या सॉफ्टवेअरनं डावीकडच्या सगळ्या नाकारल्या. आम्ही त्या रात्रभर बसून दुरुस्त केल्या आणि चहा पिऊन घरी गेलो. उजवीकडच्या कुणी नाकारल्याच नाहीत, त्यामुळे त्या कुणी बघितल्याही नाहीत. महिन्याचे पहिले बारा दिवस म्हणजे दहातल्या जवळपास चार तारखा, त्यातल्या १/१ आणि २/२ सारख्या सोडल्या तर बाकी सगळ्या उलट्या पडलेल्या. चार महिन्यांनी क्लेम आले, लोकांचे जन्मदिनांक आधारशी जुळेनात, तेव्हा कळलं. सहाशे फॉर्म परत काढले. ओरडा खाल्ला तो मी, कारण बॅचवर सही माझी होती.

तेव्हापासून नव्या कॉम्प्युटरवर बसले की मी पहिल्यांदा एका रिकाम्या सेलमध्ये 25/06/1998 टाकते. उजवीकडे गेलं तर सेटिंग आपली, दिवस आधी. डावीकडे राहिलं तर महिना आधी आहे, सावध. तूही टेस्टला बसल्यावर हे कर, पाच सेकंदांचं काम आहे. सेटिंग बदलायची परवानगी नसेल तर तारीख 5-Jun-1998 अशी टाक. महिना अक्षरात असला की उलटायला जागा राहत नाही. दिसायला त्यांना हवी तशी नंतर Ctrl+1 मधून करता येते.

एक्सेलची आणखी एक खोड आहे. वरच्या ओळीत 'Anita Ramrao' असेल आणि खाली तू नुसतं 'Anita' लिहून Enter मारलंस, तर तो स्वतःच 'Anita Ramrao' करून टाकतो. मदत करायला येतो बिचारा. पुढचं नाव आपोआप आलेलं दिसलं की आधी Delete दाबायचं, मग Enter.

नावागावांच्या बाबतीत एकच नियम, कागदावर दिसतं तसं टाकायचं. आपल्या भागात तर याचं फार होतं. एका फॉर्मवर Osmanabad असतं, दुसऱ्यावर Dharashiv, तिसऱ्यावर Aurangabad आणि चौथ्यावर Chhatrapati Sambhajinagar. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, पण टेस्टमध्ये जुनं नाव नवं करून दिलंस तर ती चूकच धरतात. Shinde चं Sinde लिहिलेलं असेल तर Sinde च टाकायचं. शहाणपणा करायचा असेल तर विचारून. 'सर, स्पेलिंग दिसतं तसं ठेवू की सुधारू?'

आता बारा दिवसांचं. टायपिंगची वेबसाइट रोज वीस मिनिटं पुरे, आणि तिथंही अचूकता ९९ च्या खाली गेली की स्पीड मुद्दाम कमी करायचा. उरलेला एक तास असा घालव. घरातले कागद काढ, लाइट बिलं, पासबुकं, आधार, रेशन कार्ड, सातबारा, शाळेचे दाखले. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो, सरावाला उत्तम. काका-मावश्यांकडूनही मागून घे, पण त्यांचे कागद घरातच ठेव आणि फाइल काम झाली की उडव. त्यातून वीस ओळींचा तक्ता Sheet1 वर भर. कागद उताणा टेबलावर ठेवू नकोस, पुस्तकाला टेकवून डोळ्यांसमोर उभा कर आणि चालू ओळीखाली पट्टी धर, म्हणजे ओळ सुटणार नाही. उताऱ्यात ओळ सुटली तर काही सॉफ्टवेअर पुढचं सगळंच चूक धरतात.

दुसऱ्या दिवशी तेच कागद घेऊन, आदल्या दिवशीचं न बघता, तोच तक्ता Sheet2 वर भर. रकाने दोन्हीकडे त्याच जागी. मग Sheet3 वर पहिल्या सेलमध्ये हे टाक आणि तक्त्याएवढं आडवं-उभं ओढ:

```
=EXACT(Sheet1!A1,Sheet2!A1)
```

जुळलं तिथं TRUE येईल, नाही जुळलं तिथं FALSE. प्रत्येक FALSE घेऊन मूळ कागद बघ, दोघांतलं कुठलं चुकलं आणि कसं, ते वहीत लिही. अंक उलटला, अंक सुटला, स्पेस पडली, कॅपिटल राहिलं. चार दिवसांत तुला तुझी स्वतःची खोड कळेल, आणि प्रत्येकाची वेगळी असते. माझी 6 आणि 9 ची होती. ही झाली तुझी घरगुती डबल एन्ट्री. तिची एक मर्यादा आहे, दोन्ही दिवशी तू तोच आकडा तसाच चुकीचा वाचलास तर TRUE च येईल. म्हणून शेवटच्या दोन दिवशी एक शीट तू भर आणि दुसरी भावाला किंवा मैत्रिणीला भरायला लाव.

टेस्टच्या दिवशीचं थोडकं. सेलूहून सकाळच्या गाडीनं उतरून धावत-पळत जाणार असशील तर आदल्या संध्याकाळीच जा, कुणी नातेवाईक असतील तिथं राहा. रात्रभर गर्दीत उभं राहून आलेल्या पोरींचे हात पहिल्या पाच मिनिटांत अक्षरशः थरथरताना बघितलेत मी. बसल्यावर NumLock चा दिवा लागलाय का ते बघ, नाहीतर नमपॅडवर 4 दाबायला जाशील आणि कर्सर डावीकडे पळेल. CapsLock बंद आहे ना? घड्याळ सुरू व्हायच्या आधी सराव करू देतात का ते विचार आणि दिला तर तीन-चार ओळी मारून कीबोर्ड किती कडक आहे त्याचा अंदाज घे. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये, काय नावानं ठेवायची हे आधीच विचारून घे आणि दर दोन ओळींनी Ctrl+S मार. सगळं बरोबर भरून Book1 नावानं भलतीकडे ठेवलेली फाइल शोधायला कुणी येत नाही. आधी संपलं तर उठू नकोस. उरलेल्या वेळात LEN लाव आणि कागदाशी उलट दिशेनं, खालच्या ओळीपासून वर, पडताळ.

बोलायच्या फेरीत 'स्पीड किती?' विचारतीलच. ४२ सांगू नकोस. तेव्हा जो काही असेल तो नेट सांग आणि त्याला जोडून अचूकता सांग. मागच्या वेळी का नाही झालं असं विचारलं तर सोळा अंकी खाते नंबरची गोष्ट सांग, आता काय करतेस तेही सांग. मी त्या खुर्चीत असते तर पुढचा प्रश्न रुजू कधी होणार हाच विचारला असता.

निकालाचा कागद मिळाला तर फोटो पाठव. यावेळी खालचे आकडे दिसतील असा काढ, मागचा जरा हललेला होता.